गूगलवर डबा दिसतो, पण ऑर्डर मिळत नाही? बेळगावच्या डबेवाल्यांनी या चुका टाळा

बेळगावात घरगुती डबा पुरवणाऱ्यांची आता कमी नाही. अनगोळ, शहापूर, वडगाव, टिळकवाडी, प्रत्येक भागात कुणी ना कुणी वहिनी किंवा काकी रोज पंधरा-वीस डबे भरतात. बहुतेकांनी गूगलवर नावही घातलेलं असतं. तरी तक्रार तीच ऐकू येते : फोन येतात, चौकशी होते, पण डबा लागत नाही. स्वयंपाकात खोट नसते. ऑफिसमधला माणूस फोनवर शोधतो तेव्हा त्याला तीनच गोष्टी हव्या असतात : माझ्या ऑफिसपर्यंत जेवायच्या सुट्टीत डबा येईल का, आठवडाभर काय असेल आणि महिन्याचे एकूण किती पडतील. या तिन्हींची उत्तरं लिस्टिंगमध्ये नसतात किंवा गोल गोल असतात.

"संपूर्ण बेळगावात पोच"

सगळ्यात जास्त नुकसान या एका ओळीनं होतं. समजा तुमचं स्वयंपाकघर अनगोळमध्ये आहे आणि पोचवायला एक मुलगा आणि एक स्कूटर आहे. डबे सव्वाबाराला बाहेर पडतात आणि एक वाजेपर्यंत सगळे पोचायला हवेत, म्हणजे हातात पंचेचाळीस मिनिटं. गाडी लावणं, डबा देणं, कालचा रिकामा डबा घेणं आणि पुढच्या ठिकाणी पोचणं, असे प्रत्येक ठिकाणी साडेतीन-चार मिनिटं सहज जातात. त्यातून एका फेरीत अकरा-बारा ठिकाणं होतात, त्यापेक्षा जास्त नाही. उद्यमबागेतल्या कारखान्यांत तर मुलाला आत सोडत नाहीत. वॉचमनकडे डबा ठेवायचा आणि गिऱ्हाइकाला फोन करायचा, यात आणखी वेळ जातो. टिळकवाडीच्या बाजूला रेल्वे फाटक पडलेलं असलं तर पाच मिनिटं तिथंच गेली.

हा हिशेब डोळ्यांसमोर ठेवला की अनगोळच्या वहिनींचा खरा पट्टा दिसतो : अनगोळ, टिळकवाडी, काँग्रेस रोड आणि उद्यमबाग. नेहरूनगर शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. तिथल्या हॉस्पिटलमधून पाच डब्यांची चौकशी आली तर मोह होतो, पण त्या पाचांसाठी बाकीच्या सगळ्यांचा डबा दीड वाजता पोचतो. नेहरूनगर घ्यायचंच असेल तर दुसरा मुलगा आणि दुसरी गाडी हवी.

गूगलच्या बिझनेस प्रोफाइलमध्ये `Service area` असा भाग असतो. तिथं वीसपर्यंत भाग घालता येतात, म्हणून पुष्कळ जण वीसही भरून टाकतात आणि त्यामुळे त्या सगळ्या भागांत आपण वर दिसू असं धरून चालतात. तसं होत नाही. शोधणाऱ्यापासूनचं अंतर गूगल तुम्ही पडताळणीच्या वेळी दिलेल्या पत्त्यावरूनच धरतं, मग तो पत्ता लोकांपासून लपवलेला असला तरी. भागांची यादी ही गिऱ्हाइकाला माहिती म्हणून असते, वर चढायची शिडी म्हणून नव्हे. म्हणून पाच-सहा खरे भाग घाला आणि वर्णनात ते लोकांच्या तोंडच्या खुणांनी सांगा : तिसऱ्या रेल्वे गेटपासून उद्यमबागेपर्यंत, आरपीडी क्रॉस, गोवावेस. ऑफिसमधला माणूस पिनकोडनं नाही, अशा खुणांनीच हिशेब करतो.

घरच्या स्वयंपाकघरात गिऱ्हाईक जेवायला येत नसेल तर पत्ता लपवलेलाच हवा. गूगलचा नियमही तसाच आहे, आणि घरात बायकामाणसं एकटी असताना कुणी अनोळखी दारात उभं राहायला नको.

भागाची चूक झाली आहे हे कसं ओळखायचं? एक वही ठेवा. आलेला प्रत्येक फोन कुठल्या भागातून आला आणि तुम्ही "तिकडं नाही येत" म्हणालात का, एवढंच लिहा. पंधरा दिवसांत निम्म्याहून जास्त फोन नकाराचे निघाले तर लिस्टिंगमधला भाग खोटा आहे. वर दिसतो की नाही हे मात्र घरातून स्वतःच्या फोनवर पाहू नका, कारण घरातून तुम्ही स्वतःच्याच शेजारी असता. उद्यमबागेत काम करणाऱ्या ओळखीच्या माणसाला त्याच्या फोनवर शोधायला सांगा आणि स्क्रीनशॉट मागवा.

दर : "₹90 पासून पुढे"

"पासून पुढे" हे शब्द वाचले की पगारावर चालणारा माणूस सावध होतो. एक उदाहरण पूर्ण मांडते. डबा ₹90. त्यात चार चपात्या, एक भाजी, आमटी, भात आणि चटणी. उद्यमबागेतल्या एका कारकुनानं फोन केला. त्याला सांगितलं गेलं की उद्यमबागेसाठी पोचवण्याचे रोज ₹10 वेगळे. महिन्याचे चोवीस डबे धरले तर डब्याचे ₹2,160 आणि पोचवण्याचे ₹240, म्हणजे ₹2,400. शिवाय स्टीलच्या डब्याची अनामत ₹300. पहिल्या दिवशी हातात द्यायचे झाले ₹2,700. यात फसवणूक कुठेच नाही, दरही वाजवी आहे. पण त्यानं ₹90 वाचून मनात दोन हजारांच्या आसपासचा आकडा धरला होता. तो "बघून सांगतो" म्हणतो आणि पुन्हा फोन करत नाही.

याच सगळ्या गोष्टी लिस्टिंगमध्ये अशा लिहिता येतात :

> पूर्ण डबा (4 चपात्या, भाजी, आमटी, भात, चटणी) : अनगोळ, टिळकवाडी ₹90, उद्यमबाग ₹100. पोचवण्याचे वेगळे पैसे नाहीत.
> भाताशिवाय डबा : ₹20 कमी.
> 24 डब्यांचं कार्ड : ₹2,160, उद्यमबागेसाठी ₹2,400. 40 दिवसांत वापरायचं.
> डब्याची अनामत ₹300, डबा परत केल्यावर परत.
> उद्या नको असेल तर आदल्या रात्री 8 पर्यंत सांगा, तो डबा कार्डातून जात नाही.

पोचवण्याचे पैसे दरात मिसळून भागवार दोन दर दिले की हिशेब गिऱ्हाइकाला करावा लागत नाही. आणि "मासिक" हा शब्द मी मुद्दाम टाळला आहे. बँकेत आणि सरकारी ऑफिसात दुसरा आणि चौथा शनिवार सुट्टीचा असतो. तीस दिवसांचा महिना सोमवारी सुरू झाला तर चार रविवार आणि हे दोन शनिवार वजा जाऊन कामाचे दिवस राहतात चोवीस. कारखान्यातल्या माणसाचे सव्वीस होतात. तुम्ही "मासिक" म्हणून सव्वीस डब्यांचे पैसे घेतले तर बँकेतल्या माणसाला दर महिन्याला दोन डबे बुडाल्यासारखे वाटतात, आणि वाद त्यावरूनच होतो. डब्यांची संख्या आणि मुदत सांगितली की हा वाद उरत नाही.

दर कुठे लिहायचे यातही गफलत होते. गूगलच्या वर्णनाच्या चौकटीत दर आणि सवलती लिहू नयेत असा त्यांचा नियम आहे. दर `Services` मध्ये एकेक ओळ करून घाला. तिथं प्रत्येक सेवेला स्वतंत्र रक्कम देता येते. ठरावीक रक्कम निवडा, `From` नको.

मेनू फोटोत अडकलेला

व्हॉट्सॲपवर फिरणारं रंगीत कार्ड तसंच लिस्टिंगवर चढवलं जातं. त्यातली अक्षरं फोनवर वाचता येत नाहीत, आणि त्याहून वाईट म्हणजे ते कार्ड कधीचं आहे हे कळत नाही. मे महिन्यात कुणी शोधतो आणि त्याला तिळाच्या पोळीचा संक्रांत स्पेशल दिसतो. हे बंद आहे असं समजून तो पुढच्याकडे जातो.

मेनू अक्षरांत लिहा, आणि पक्का वारांवर बांधा, म्हणजे दर आठवड्याला बदलावा लागणार नाही. उदाहरणार्थ : सोमवारी मटकीची उसळ, मंगळवारी वांगं, बुधवारी झुणका आणि ज्वारीची भाकरी, गुरुवारी पालेभाजी, शुक्रवारी छोले, शनिवारी भेंडी. बाजारात भेंडी महाग झाली तर काय, याचं उत्तर एका ओळीत देता येतं : "भाजी बाजारानुसार बदलू शकते, आदल्या संध्याकाळी कळवू." उपवासाच्या डब्याची सोय असेल तर ती वेगळी लिहा. संकष्टी आणि एकादशीला याची चौकशी हमखास होते.

आपल्याकडे एक गोष्ट विसरून चालत नाही. इथं डबा घेणाऱ्यांत लिंगायत आणि जैन कुटुंबांतली माणसं पुष्कळ असतात. ती विचारतात, "अक्का, त्याच घरात मटण होतं काय?" तुम्ही बुधवारी आणि शुक्रवारी चिकनचा डबा देत असाल तर नुसतं "शाकाहारीही मिळेल" लिहू नका. भांडी आणि चूल वेगळी आहे की नाही, कांदा-लसणाशिवाय करून देता की नाही, हे खरं असेल तेच लिहा. गिऱ्हाईक नाही मिळालं तरी चालेल, पण त्याला महिनाभरानं दुसऱ्याकडून कळता कामा नये.

नाव आणि शोधाचे शब्द

गूगलवर नावाच्या जागी "बेस्ट टिफिन सर्व्हिस बेळगाव टिळकवाडी उद्यमबाग" असं लांबलचक काही घालू नका. खरं नाव सोडून शब्द कोंबलेली प्रोफाइल निलंबित होऊ शकते आणि ती परत मिळवताना महिन्याचा धंदा जातो. शोधाचे शब्द वर्णनात येऊ द्या. शहराचं अधिकृत नाव 1 नोव्हेंबर 2014 पासून बेळगावी झालं, पण लोक `Belgaum` आणि `Belagavi` दोन्ही टाइप करतात, तेव्हा वर्णनात दोन्ही एकेकदा यावीत. कन्नडमध्ये दोन ओळी ओळखीच्या माणसाकडून लिहून घ्या. ऑफिसातले निम्मे सहकारी कन्नड वाचणारे असतात आणि एकानं डबा लावला की शेजारचा विचारतो. नुसतं "टिफिन" लिहिलं तर सकाळी आठला इडलीसाठी फोन येतात, म्हणून "दुपारच्या जेवणाचा डबा" असं स्पष्ट लिहा.

अन्नसुरक्षेची एफएसएसएआय नोंदणी घरगुती डब्यालाही लागते. तिचा चौदा अंकी नंबर लिस्टिंगमध्ये दिलात तर कंपनीच्या एचआरकडून एकदम दहा डब्यांची चौकशी येते तेव्हा पहिला प्रश्न तिथंच मिटतो.

पडताळणी अडली तर

प्रोफाइलच्या पडताळणीसाठी गूगल आता बहुतेकांकडून व्हिडिओ मागतं. तो नाकारला जाण्याचं नेहमीचं कारण म्हणजे व्हिडिओत नुसतं स्वयंपाकघर दिसतं. सलग, न कापलेला व्हिडिओ हवा. गल्लीच्या पाटीपासून सुरू करा, शेजारचं दुकान दिसू द्या, मग घरात या. मोठी पातेली, भरलेले डबे आणि नोंदणीचा कागद दाखवा, आणि कुलूप स्वतःच्या किल्लीनं उघडताना दिसा. माणसांचे चेहरे येऊ देऊ नका.

गणेशोत्सवात किंवा गावच्या यात्रेला स्वयंपाकघर चार दिवस बंद असेल तर `Special hours` मध्ये त्या तारखा आधीच घाला. नाहीतर लिस्टिंगवर "उघडे आहे" दिसत राहतं आणि फोन न उचलल्याचे एका ताऱ्याचे अभिप्राय पडतात. बाळंतपण, आजारपण अशा कारणानं दोन-तीन महिने थांबणार असाल तर तात्पुरतं बंद निवडा. कायमचं बंद केलंत तर जुन्या गिऱ्हाइकांनाही तुम्ही डबा कायमचा सोडला असंच वाटतं.