प्रोजेक्ट नव्हता, उधारीची वही होती

सेकंड इयरच्या पहिल्या इंटर्नशिप इंटरव्ह्यूत "प्रोजेक्ट?" विचारलं आणि मी "काही नाही" म्हणून गप्प बसलो. पुढच्या वेळी रेझ्युमेत बाबांच्या किराणा दुकानाची उधारी लिहिली. ती मी एक्सेलमध्ये उतरवली होती, बाकी `SUMIF` ने काढून. त्यात दोन पाटीलकाकूंची बाकी एकत्र झाली, एक काकू चिडल्या (रास्तच), म्हणून नावाऐवजी मोबाइल नंबरवर बेरीज लावली.

इंटरव्ह्यू घेणाऱ्या मॅडमनी नेमकं तिथेच अडवलं. "एका घरात दोन खाती, नंबर एकच, मग?"

"चुकेल. प्रत्येक खात्याला वेगळा क्रमांक द्यावा लागेल."

मग अशा वेगळ्या क्रमांकावर, म्हणजे प्रायमरी कीवरच दहा मिनिटं गेली. जॉइनची क्वेरी आली नाही, तसं सरळ सांगितलं. इंटर्नशिप मिळाली, स्टायपेंड मात्र नाही.