मॉनिटरकडे आधी बघू नका: नेमबाजी शिकवताना ‘कधी सांगायचं’ यात होणाऱ्या चुका

कोल्हापुरात दहा मीटर एअर रायफल शिकायला येणाऱ्या मुलांमध्ये एक सवय मी हमखास बघतो. ट्रिगर सुटतो आणि नळी अजून स्थिर असतानाच नजर शॉटचा आकडा दाखवणाऱ्या शेजारच्या मॉनिटरवर जाते. आकडा चांगला असला की हसू, नसला की लगेच नेम जुळवायच्या साईटच्या नॉबवर हात. आमच्याकडे आठवीतली एक मुलगी होती. सहा महिन्यांत पोझिशन छान बसली होती, पण स्कोअर एका जागी अडकला होता. विचारलं, “आत्ताचा शॉट कुठं गेला?” तर म्हणाली, “थांबा की सर, बघून सांगते.”

तिची चूक नव्हती. पहिल्या आठवड्यात जसं सांगत होतो तसंच मी सहाव्या महिन्यातही सांगत होतो, प्रत्येक शॉटला आणि लगेच.

नवख्याला गप्प राहून शिकवणं

याच्या उलट चूकही होते, ती आधी सांगतो. “त्याचं त्याला कळू दे” म्हणून काही शिक्षक नव्या मुलाला मोकळं सोडतात. पण नवख्याच्या अंगात अजून मोजमापच नसतं. खांदा वर आला की नाही, गाल स्टॉकवर त्याच जागी टेकला की नाही, हे त्याला जाणवत नाही. जे जाणवतच नाही ते तो सुधारणार कसं? फिट्स आणि पोस्नर यांनी १९६७ मध्ये शिकण्याचे तीन टप्पे मांडले. त्यातल्या पहिल्या टप्प्यात माणूस काय करायचं हेच डोक्यात जुळवत असतो. इथं जवळजवळ प्रत्येक शॉटनंतर सांगावं, पण एकच गोष्ट, आणि ती अंगाबद्दल. आकडा नको. मी पहिले काही आठवडे टार्गेटचा कागद उलटा लावतो. पांढऱ्या कागदावर फक्त छिद्रांचा पुंजका दिसतो आणि तो लहान होतोय का एवढंच बघायचं असतं.

वेळ मात्र सांभाळावी लागते. मुलगा श्वास रोखून नेम धरत असताना “कोपर, कोपर!” असं ओरडणं म्हणजे तो शॉट वाया घालवणं. रायफल खाली आल्यावर बोला.

मुलं लहान असतील तर हा टप्पा लांबतो. २००८ मधल्या एका प्रयोगात साधी हाताची हालचाल शिकताना मोठ्यांना कमी वेळा सांगितलेलं मानवलं, पण मुलांना प्रत्येक वेळी सांगितलेलंच जास्त उपयोगी पडलं. म्हणून दहा वर्षांच्या पोराला घाईनं ‘आता स्वतः ओळख’ म्हणू नये.

पोझिशन बसल्यावरही लगेच आकडा दाखवणं

त्या आठवीतल्या मुलीचं गाडं इथं अडलं होतं. १९९० मध्ये स्विनेन, श्मिट आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की हालचाल संपताक्षणी निकाल मिळालेले लोक पुढं त्या कौशल्यात मागं पडले, काही सेकंद थांबून निकाल मिळालेले पुढं राहिले. कारण समजायला सोपं आहे. शॉटनंतरच्या त्या दोन-तीन सेकंदांत डोळ्यात आणि बोटात ताजी आठवण असते. आकडा लगेच आला की ती आठवण कुणी तपासतच नाही.

कुणी म्हणेल, स्पर्धेत ७५ मिनिटांत ६० शॉट मारायचे असतात आणि मॉनिटर समोरच असतो, मग सरावात लपवायचा कशाला? कारण आकड्यामागं पळायची खोड तिथंच नडते. एअर रायफलच्या टार्गेटवर ९.४ म्हणजे केंद्रापासून साधारण ४ मिलिमीटर. एवढी हालचाल नेमबाजाच्या नेहमीच्या डोलण्यातूनही होते. प्रत्येक शॉटनंतर तेवढीच उलटी दुरुस्ती साईटमध्ये केली, तर पुंजका आवळत नाही, उलट सुमारे १.४ पट पसरतो. हा साधा गणिताचा हिशोब आहे: या शॉटच्या योगायोगात मागच्या शॉटचा योगायोग मिसळतो.

मग आम्ही तिच्या मॉनिटरवर पुठ्ठा टेकवला. शॉट सुटल्यावर दोन-तीन सेकंद नेम तसाच धरायचा, रायफल खाली घ्यायची, घड्याळाच्या काट्याप्रमाणं दिशा आणि अंदाजे आकडा वहीत लिहायचा, आणि मगच पुठ्ठा उचलायचा. नेमबाज याला ‘शॉट कॉल करणं’ म्हणतात.

पहिल्या दिवशीचे सहा शॉट बघा. तिनं ‘तीन वाजता, नऊ’ लिहिलं, आला ९.४, तीन वाजता. ‘मध्ये’ लिहिलं, १०.३. ‘मध्ये’ लिहिलं; ९.६, पाच वाजता. ‘नऊ वाजता, नऊ’, ९.५, नऊ वाजता. पुन्हा ‘मध्ये’; ९.५, पाच वाजता. पुन्हा ‘मध्ये’, १०.१, तोही थोडा पाचकडेच.

पहिला आणि चौथा शॉट वाईट असले तरी मला त्यांची काळजी नव्हती. ते तिला कळले होते, मी तोंड उघडायची गरज नव्हती. दुखणं तिसऱ्या आणि पाचव्यात होतं. तिला मध्ये वाटतंय आणि पेलेट खाली उजवीकडे जातेय, तेही एकाच दिशेला. याची मुख्य कारणं दोन. एक तर साईट सरकली आहे, नाहीतर शेवटच्या क्षणी बोट ट्रिगर ओरबाडतंय आणि डोळ्याला ते दिसत नाही. ओळखायचं कसं? रायफल टेकूवर ठेवून, ट्रिगर अगदी सावकाश दाबत पाच शॉट मारायला लावले. पुंजका मधोमध आला. म्हणजे साईट ठीक होती, बोट चुकत होतं. नॉबला हात लावला असता तर चांगले शॉटही डावीकडे वर गेले असते.

इथं मी पुन्हा पहिल्या टप्प्यासारखा वागलो. पेलेटशिवाय सराव, मी तिच्या बोटाजवळ बसलेला, आणि प्रत्येक दाबानंतर लगेच एकच शब्द: ‘सावकाश’ किंवा ‘ओढलंस’. बाकीच्या गोष्टींवर पाच शॉट झाल्यावरच बोलायचं. दहापैकी सात कॉल दिशेला जुळायला लागले की मी बोलणं आणखी लांबवतो. सातचा आकडा माझ्या अनुभवाचा आहे, शास्त्राचा नाही. किती टक्के वेळा सांगावं यावर जुन्या प्रयोगांनी जितकी खात्री दिली होती तितकी अलीकडच्या एकत्रित अभ्यासांत दिसत नाही. म्हणून मी टक्केवारीपेक्षा कॉलकडे बघतो.

कॉल आणि शॉट कधी इकडे, कधी तिकडे असे विस्कळीत चुकत असतील, तर मात्र बहुधा सुटायच्या क्षणी डोळे मिटताहेत किंवा मुलगा पुढच्या साईटकडे बघतच नाही. त्याला कॉल लिहायला लावून उपयोग नाही. आधी ते निस्तरा.

मुरलेल्याला प्रत्येक शॉटचं ऐकवणं

राज्य पातळीवरच्या मुलाला “उजवीकडे गेला रे” सांगणं म्हणजे त्याला माहीत असलेलंच सांगणं. तिथं दहा शॉटची मालिका संपल्यावर, आणि तेही त्याचं ऐकून घेतल्यावर बोलावं. मालिकेतच बोलायचं असेल तर हद्द आधी ठरवा: कॉल आणि शॉट यांत एका रिंगपेक्षा जास्त फरक पडला तरच मी बोलणार. हे न सांगता गप्प बसलात तर पोरगं समजतं, सर रागावले.

टप्पा माणसाचा नसतो, कौशल्याचा असतो, हेही इथंच विसरलं जातं. आपल्या जिल्ह्यातल्या स्वप्निल कुसाळेनं २०२४ मध्ये पॅरिसला कांस्य मिळवलं त्या ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये गुडघ्यावर, झोपून आणि उभं राहून मारायचं असतं. आमचा एक मुलगा उभ्यानं उत्तम मारायचा, म्हणून गुडघ्यावर बसवल्यावरही मी त्याला मालिका संपेपर्यंत काही बोललो नाही. महिनाभर तो घोट्याखाली घ्यायची गोल उशी, म्हणजे रोल, चुकीच्या जागी घेऊन बसत होता. त्याला ते जाणवलंच नाही, कारण गुडघ्यावर बसायला तो नवखाच होता. मग त्याच्यासाठीही कागद उलटा लावला.