वाढत्या विभागाला वर्षभरात किती माणसं लागतील? हिशेब असा मांडा

‘व्यवसाय ५० टक्के वाढणार, म्हणजे माणसंही ५० टक्के वाढवा’ हा हिशेब सोपा आहे, पण तो बऱ्याचदा चुकतो. माणसं व्यवसायाच्या आकड्यावर लागत नाहीत, कामाच्या तासांवर लागतात. म्हणून सुरुवात तासांपासून करायची. उदाहरणासाठी २० जणांचा एक ग्राहक सेवा विभाग घेऊ.

पायरी १ : काम तासांत मोजा

विभागाचं काम ज्या गोष्टीमुळे वाढतं ती गोष्ट शोधा. इथे ती म्हणजे दरमहा येणाऱ्या तक्रारी. आज महिन्याला ६,००० तक्रारी येतात आणि एका तक्रारीला सरासरी २० मिनिटं लागतात, म्हणजे महिन्याचं काम २,००० तासांचं. वर्षअखेरीस ९,००० तक्रारी अपेक्षित असतील, तर ३,००० तास.

ही २० मिनिटं नीट तपासा. सिस्टीममध्ये बहुतेक वेळा फक्त फोनवरचा वेळ नोंदलेला असतो. नंतरची नोंद, दुसऱ्या विभागाकडे केलेला पाठपुरावा, पुन्हा उघडलेली तक्रार यांचा वेळ त्यात नसतो. दोन आठवडे चार-पाच जणांचं काम प्रत्यक्ष टिपून घेतलं की खरा आकडा हाती येतो.

पायरी २ : एक माणूस खरोखर किती तास देतो?

वर्षाच्या ३६५ दिवसांतून १०४ साप्ताहिक सुट्या, १० सार्वजनिक सुट्या आणि सुमारे २१ रजा वजा केल्या की २३० दिवस उरतात. आठ तासांच्या दिवसातून बैठका, प्रशिक्षण आणि विश्रांती वगळली की प्रत्यक्ष कामाला सहा तास मिळतात. म्हणजे वर्षाला १,३८० तास, महिन्याला ११५.

पण हे सगळे ११५ तास कामाने भरायचे नाहीत. तक्रारी ठरावीक अंतराने येत नाहीत, सोमवारी झुंबड उडते. प्रत्येक जण पूर्ण भरलेला असला तर थोडी गर्दी झाली तरी रांग वाढत जाते. म्हणून ८५ टक्के धरा, म्हणजे साधारण ९८ तास.

आज लागणारी माणसं : २,००० ÷ ९८, म्हणजे २१. वर्षअखेरीस : ३,००० ÷ ९८, म्हणजे ३१.

पायरी ३ : सूत्र मागच्या महिन्यांवर लावून पाहा

ही पायरी गाळू नका. गेल्या तीन-चार महिन्यांचे आकडे सूत्रात घाला. उत्तर १५ येत असेल आणि २० माणसं मात्र दमलेली असतील, तर काही काम मोजायचं राहून गेलंय. उत्तर २१ आलं, माणसं २० आहेत आणि शिल्लक तक्रारी हळूहळू वाढताहेत, तर हिशेब वास्तवाला धरून आहे. मात्र जादा वेळ थांबून काम उरकलं जात असेल, तर शिल्लक वाढलेली दिसणार नाही. ते तास वेगळे विचारून घ्या.

पायरी ४ : गळती आणि उशीर

गेल्या वर्षी १५ टक्के लोक सोडून गेले असतील, तर सरासरी २५ माणसांवर यंदा चार जण जातील असं धरा. मग भरती ११ जणांची नाही, १५ जणांची.

त्याहून महत्त्वाचं, माणूस कधी लागणार हे. मंजुरी, मुलाखती आणि नव्या माणसाचा नोटीस पीरियड यात तीन महिने जातात. रुजू झाल्यावर पहिला महिना तो शिकतो (आणि शिकवणाऱ्याचा वेळ घेतो), दुसऱ्या महिन्यात निम्मं काम उचलतो. म्हणजे मंजुरीपासून पूर्ण क्षमतेपर्यंत पाच महिने.

आता उलट मोजत या. तक्रारी दरमहा २५० ने वाढल्या तर सहाव्या महिन्यात त्या ७,५०० होतील. काम २,५०० तासांचं, माणसं २६. आजचे २०, तोवर दोघं जातील. म्हणजे आठ जणांची मंजुरी पहिल्याच महिन्यात हवी. वर्षाची निम्मी भरती पहिल्या महिन्यात मागितली की वरिष्ठांच्या भुवया उंचावतात, म्हणून हे पाच महिने कागदावर महिनावार मांडून दाखवा.

पायरी ५ : उरलेल्या भरतीला अट घाला

उरलेल्या सात जागा आत्ताच पक्क्या करू नका. चौथ्या महिन्यात तक्रारी ७,००० च्या आसपास पोहोचल्या असतील तर त्यांची मंजुरी घ्या. ६,५०० वरच थांबल्या असतील तर सोडून गेलेल्यांच्याच जागा भरा. आणि तक्रारी कमी असूनही शिल्लक वाढत असेल, तर एका तक्रारीचा वेळ २० मिनिटांवर राहिला आहे का ते पुन्हा मोजा. नवी सेवा किंवा नवं उत्पादन आलं की तक्रारी किचकट होतात. हीच सरासरी २४ मिनिटं झाली, तर ९,००० तक्रारींना ३१ ऐवजी ३७ माणसं लागतील.