भागीदारी पत्रात निवृत्तीचं कलम आकड्यासकट लिहा

समजा, जळगावात तीन भावांची डाळमिल आहे आणि थोरले आप्पा आता बाहेर पडणार आहेत. मिलची जागा फर्मच्या नावावर. वहीत किंमत ४ लाख, बाजारात ४० लाख. पत्रात फक्त ‘हिशेब करून रक्कम द्यावी’ एवढंच असेल, तर भांडण इथूनच पेटतं. समान वाटा धरला, तर या एका जागेपायी आप्पांच्या हिश्शात १२ लाखांचा फरक पडतो.

म्हणून जागा, यंत्रं आणि नावलौकिक यांची किंमत कोण, कोणत्या तारखेला ठरवणार ते लिहा. रक्कम किती हप्त्यांत द्यायची आणि व्याज किती, तेही लिहा. हे ठरलं नसेल आणि हिशेब न मिटवता धंदा चालू राहिला, तर १९३२च्या भागीदारी कायद्याच्या कलम ३७ प्रमाणे आप्पा ६ टक्के व्याज किंवा आपल्या पैशावरचा नफा, यापैकी काहीही मागू शकतात.

आप्पांनीही निवृत्तीची जाहीर नोटीस द्यायला लावावी. नाहीतर नंतरच्या उधारीसाठी व्यापारी त्यांच्याही दारात येऊ शकतात.

नफ्याचं प्रमाण लिहिलं नाही, तर भांडवल कमीजास्त असलं तरी वाटा समान. आणि ‘भागीदाराच्या मृत्यूनंतर फर्म चालू राहील’ हे वाक्य नसेल, तर फर्म विसर्जित होते. दोनच भागीदार असतील, तर मात्र हे वाक्यही वाचवत नाही. एकट्याची भागीदारी नसते.