कोट कार्डासाठी एक ओळ आणि एक आकडा निवडताना या चुका टाळा

बालिका दिन किंवा साक्षरता दिन जवळ आला की माझ्याकडे तपासणीसाठी चित्रे येऊ लागतात. बहुतेकांचा साचा एकच असतो: वर एक ओळ, मध्ये मोठ्या अक्षरांत एक आकडा आणि खाली संस्थेचे बोधचिन्ह. रंगसंगती आणि अक्षररचना यांवर दोन दिवस घातलेले असतात, तर ओळ आणि आकडा मात्र पाच मिनिटांत कुठल्या तरी बातमीच्या मथळ्यातून उचललेला असतो. त्यामुळे चुकाही दरवर्षी त्याच होतात.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे आकडा कशाचा आहे हे न पाहता तो छान दिसतो म्हणून घेणे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीचे (२०१९–२१) देशपातळीवरील निष्कर्ष नोव्हेंबर २०२१ मध्ये जाहीर झाले आणि 'हजार पुरुषांमागे १०२० स्त्रिया' हा आकडा सगळीकडे झळकला. गर्भलिंगनिदानाविरुद्ध काम करणाऱ्या एका संस्थेने पुढच्या बालिका दिनासाठी तो उचलला, त्यावर 'लेक वाचली, देश जिंकला' अशी ओळ घातली आणि चित्राचे फलकही छापून घेतले. गावातल्या सभेत एका गृहस्थाने शांतपणे विचारले, की मुली आता मुलांपेक्षा जास्त झाल्या असतील, तर तुमच्या मोहिमेची गरज काय? व्यासपीठावर कोणाकडेही उत्तर नव्हते, कारण संस्थेचा युक्तिवाद संस्थेच्याच फलकाने खोडून काढला होता. फलक छापून झाल्यावर ते चित्र माझ्याकडे 'जरा बघून द्या' म्हणून आले.

१०२० हा आकडा खोटा नाही, पण तो जन्मांचा नाही. या सर्वेक्षणात निवडलेल्या घरांमध्ये आदल्या रात्री जे मुक्कामाला होते, त्यांची मोजणी होते. बांधकामाच्या जागेवर, छावणीत, वसतिगृहात किंवा परगावच्या खोलीत राहणारा माणूस आपल्या गावच्या घरात मोजला जात नाही, आणि अशा माणसांत पुरुष अधिक असतात. त्यात स्त्रियांचे सरासरी आयुर्मानही जास्त आहे. हे कळण्यासाठी संख्याशास्त्र शिकावे लागत नाही. सर्वेक्षणाच्या तथ्यपत्रकात त्याच ओळीत शहरी भागासाठी ९८५ आणि ग्रामीण भागासाठी १०३७ असे आकडे दिलेले आहेत. खेड्यात स्त्रिया इतक्या जास्त कशा, हा प्रश्न पडला की कामासाठी बाहेर पडलेले पुरुष आपोआप आठवतात. संस्थेला हवा असलेला आकडा लगेच खालच्या ओळीत होता: सर्वेक्षणाआधीच्या पाच वर्षांत जन्मलेल्या बालकांमध्ये हजार मुलांमागे ९२९ मुली. एक ओळ खाली वाचण्याचा धीर नसल्यामुळे फलकांचा खर्च वाया गेला.

९२९ हा आकडासुद्धा एकटा ठेवला तर वाचकाला काही सांगत नाही. तो हजाराच्या जवळ आहे, मग वाईट काय, असेच कोणालाही वाटेल. निसर्गतःच मुलगे थोडे जास्त जन्मतात आणि हस्तक्षेप नसेल तेव्हा हे प्रमाण हजार मुलांमागे साधारण ९५० मुली असे असते. त्यामुळे तुलना हजाराशी न करता ९५० शी करावी लागते. आधीच्या फेरीत हा आकडा ९१९ होता, म्हणजे सुधारणा आहे, पण पुरेशी नाही. मी ते कार्ड असे केले असते: मध्ये ९२९, त्याखाली लहान अक्षरांत 'हजार मुलग्यांमागे जन्मलेल्या मुली, नैसर्गिक प्रमाण सुमारे ९५०', आणि वर 'जन्माआधीच गळालेल्या मुली या आकड्यात दिसतात' अशी साधी ओळ. यात घोषणा नाही, पण सभेतल्या प्रश्नाला उत्तर आहे.

माझी सवय अशी, की आकडा वहीत उतरवताना त्याच्यापुढे तीन गोष्टी लिहिल्याशिवाय मी चित्राचे पान उघडत नाही: कशाचा, कोणांपैकी आणि कधीचा. 'कोणांपैकी' इथे सर्वांत जास्त घसरगुंडी होते. त्याच सर्वेक्षणातला बालविवाहाचा २३.३ टक्के हा आकडा २० ते २४ वयोगटातल्या स्त्रियांपैकी ज्यांचे लग्न १८ वर्षांच्या आत झाले त्यांचा आहे. कार्डावर त्याचे 'देशात २३ टक्के मुलींचे बालविवाह होतात' असे होते, आणि मग आज शाळेत बसलेल्या मुलींबद्दलच ते विधान असल्यासारखे वाटते. वास्तविक ती लग्ने काही वर्षांपूर्वीची असतात. आधीच्या फेरीत हे प्रमाण २६.८ होते, म्हणून '३.५ टक्क्यांनी घट' असेही लिहिले जाते. ही वजाबाकी आहे. मूळ प्रमाणाच्या तुलनेत घट सुमारे १३ टक्के भरते. हा घोळ समजावत बसण्यापेक्षा मी कार्डावर '२६.८ वरून २३.३' एवढेच लिहितो.

आता ओळीविषयी. शिक्षणावरच्या कार्डांत महात्मा फुले यांच्या 'विद्येविना मति गेली' या ओळी हमखास असतात आणि त्या बहुधा 'नीतिविना गति गेली' इथेच तोडलेल्या असतात. 'शेतकऱ्याचा असूड'च्या उपोद्घातात त्या पुढे 'वित्ताविना शूद्र खचले' इथपर्यंत जातात आणि 'इतके अनर्थ एका अविद्येने केले' इथे संपतात. पहिला तुकडा एकटा वाचला तर तो कोणालाही उद्देशून म्हटलेला सुविचार वाटतो. कोण खचले, हे कापलेल्या भागातच आहे. जागा नसल्याची सबब मला पटत नाही, कारण 'वित्ताविना शूद्र खचले, इतके अनर्थ एका अविद्येने केले' हे आठच शब्द आहेत. म्हणून कोणतीही ओळ तोडण्यापूर्वी मूळ पानावर तिच्या आधीची आणि नंतरची दोन वाक्ये वाचावीत, आणि बोलणे कोणाविषयी आहे हेच कापले जात असेल तर दुसरी ओळ शोधावी. मूळ पान सापडत नसेल, तर ते अवतरण थोर व्यक्तीच्या नावावर खपवू नये, मग ते कितीही ओळखीचे असो.

ओळ आणि आकडा एकाच गोष्टीविषयी बोलले पाहिजेत. फुल्यांच्या या ओळीखाली लिंगगुणोत्तर ठेवलेले मी पाहिले आहे. फुल्यांचे नाव घेतले की स्त्रीशिक्षण आठवते, एवढाच त्यामागचा विचार असावा. अविद्येच्या ओळीखाली निरक्षरतेचा आकडा हवा. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात स्त्रियांचे साक्षरतेचे प्रमाण ७५.८७ टक्के होते, म्हणजे सात वर्षांवरील दर चार स्त्रियांपैकी जवळजवळ एक निरक्षर होती. ७५.८७ पेक्षा 'चारांत एक' चटकन वाचले जाते, म्हणून मी तेच मोठ्या अक्षरांत घेईन, पण 'जवळजवळ', 'सात वर्षांवरील' आणि '२०११' हे शब्द काढू देणार नाही. जुनी जनगणना दाखवायला लाज वाटते म्हणून वर्ष गाळणारे लोक भेटतात. त्यांनी आकडाच गाळावा.

एका कार्डावर दोन आकडे घालण्याचा हट्ट धरणाऱ्यांना मी दोन कार्डे करायला सांगतो. आकडा मोठा करताना ओळीच्या वेलांट्या आणि रफार वरच्या ओळीत घुसत नाहीत ना, हे संगणकावर न पाहता फोनच्या लहान चित्रात पाहावे. स्रोत आणि वर्ष चित्राखालच्या मजकुरात न ठेवता चित्रावरच घालावेत, कारण पुढे पाठवताना मजकूर सुटतो आणि चित्र एकटेच फिरत राहते.