हातानं स्टेम-लीफ प्लॉट काढताना या चुका टाळा

परळच्या एका शिकवणीतले नववीचे १८ विद्यार्थी घेऊ. गणिताच्या सराव परीक्षेत त्यांना १०० पैकी असे गुण मिळाले: ४७, ७२, ३८, ५३, ७४, ९१, ४१, ५८, ७६, ४९, ७१, ५३, ८५, ४४, ७८, ४७, ५२, ७४. दशकाचा अंक रेघेच्या डावीकडे खोड म्हणून, एककाचा उजवीकडे पान म्हणून लिहायचा. पानं चढत्या क्रमानं लावली की चित्र असं दिसतं:

३ | ८
४ | १ ४ ७ ७ ९
५ | २ ३ ३ ८
६ |
७ | १ २ ४ ४ ६ ८
८ | ५
९ | १

(४ | ७ म्हणजे ४७ गुण. ही किल्ली चित्राखाली लिहाच.)

सगळ्यात महागात पडणारी चूक सहाच्या ओळीत होते. साठीत कोणीच नाही, म्हणून बरेच जण ती ओळ गाळतात. मग पाचखाली लगेच सात येतो आणि वर्ग सलग वाटतो. खरं तर ५८ आणि ७१ यांच्यामध्ये कोणीच नाही. वर्गाची सरासरी काढली तर ती ६१ च्या आसपास येते, म्हणजे नेमकी त्या रिकाम्या ओळीत! 'साधारण मुलगा ६१ चा' असं धरून शिकवलं, तर तसा मुलगा वर्गात एकही नाही. म्हणून सर्वांत लहान खोडापासून सर्वांत मोठ्यापर्यंत प्रत्येक खोड लिहा, पान असो वा नसो.

दुसरी चूक अंतराची. एक अंक पसरट, दुसरा चिकटून लिहिला की ओळींची लांबी खोटं बोलते. चारच्या ओळीतली पाच पानं सातच्या सहा पानांपेक्षा लांब दिसू शकतात. चौकटीची वही घ्या, एका चौकटीत एकच अंक लिहा, स्वल्पविराम नको.

४७, ५३ आणि ७४ प्रत्येकी दोनदा आलेत. पुन्हा आलेला गुण एकदाच लिहिला की दाटी कमी दिसते. शेवटी पानं मोजा; १८ भरली नाहीत तर काहीतरी सुटलंय. कुणाला ८ गुण असतील तर खोड ०, आणि १०० असतील तर खोड १०, पान ०.

'ओळी कमी वाटतात' म्हणून काही जण प्रत्येक खोडाचे ०–४ आणि ५–९ असे दोन भाग करतात. मोठ्या वर्गाला ते चालतं. इथे मात्र ८० ते ८४ ची ओळ रिकामी पडेल आणि ७८ ते ८५ हे अंतरही मोठी दरी वाटेल. एवढ्या लहान वर्गात अशा दरीवर विसंबू नये.

दोन घोळके का पडले, हे एकट्या चित्रातून कळणार नाही. शिकवणीत सकाळ-संध्याकाळ अशा दोन बॅचेस असतील, तर खोड मधे ठेवून सकाळची पानं डावीकडे, संध्याकाळची उजवीकडे लिहा. डाव्या बाजूलाही लहान पान खोडाजवळच असावं, बाहेर जाताना मोठं. दोन्ही घोळके बॅचप्रमाणे वेगळे झाले, तर कोणत्या बॅचचा कोणता धडा राहिला ते तपासा.