पदवीनंतरच्या वर्षात कर्जाचं व्याज थांबत नाही

शैक्षणिक कर्जाचा हप्ता साधारण कोर्स संपल्यावर वर्षभराने सुरू होतो. या सवलतीच्या काळात हप्ता नसतो, व्याज मात्र चढतच राहतं.

समजा, नांदेडच्या इंजिनीअरिंगच्या मुलाने चार वर्षं दरवर्षी 1 लाख उचलले, व्याज 10 टक्के. सरळ व्याजानेही पदवी हातात येईतो 1 लाख व्याज साचतं. पुढच्या वर्षात आणखी 40 हजार. हप्ता सुरू होताना हे सगळं मुद्दलात मिसळतं आणि 5 लाख 40 हजारांवर, दहा वर्षांसाठी, महिन्याला सुमारे 7,140 रुपयांचा हप्ता बसतो. 4 लाखांवर तो 5,290 च्या आसपास असता.

म्हणून वाळूजला 18 हजारांची नोकरी लागली तरी पहिल्या पगारापासून महिन्याचं चालू व्याज, म्हणजे 3,333 रुपये, भरा. जुनं साचलेलं व्याज, घरचं सोयाबीन विकल्यावर, हप्ता सुरू व्हायच्या आत जमेल तेवढं फेडा. भरण्याआधी शाखेतून साचलेल्या व्याजाचा आकडा लेखी घ्या आणि भरल्यावर खातेउतारा बघा: रक्कम व्याजातच वळती झाली पाहिजे. घरचं उत्पन्न कमी असेल तर केंद्राच्या व्याज अनुदानाचा दावा बँकेने पाठवला का, हे आधी विचारा.